गाडी विकली, पण फास्टॅगचं ऑटो-रिचार्ज चालूच आहे: आधी पैसे जाणं थांबवा, मग उरलेले परत काढा

गाडी विकून महिना झालेला असतो, पैसे हातात आलेले असतात, आणि एका दुपारी मोबाईलवर मेसेज येतो की खालापूर टोलला तुमच्या फास्टॅगमधून पैसे कापले. त्याच्या मागोमाग बँकेचा दुसरा मेसेज, खात्यातून 500 गेले. पहिला मेसेज निदान समजतो, की अरे तो टॅग काचेवर तसाच राहिला आणि नवा मालक त्याच्यावर फिरतोय. पण दुसरा? आपण तर काही पाठवलंच नाही ना कुणाला.

हे ऑटो-रिचार्ज. कधीतरी टॅग घेताना किंवा अॅपमध्ये रिचार्ज करताना "बॅलन्स संपला की आपोआप भरा" अशी टिक केलेली असते आणि विसरलेलो असतो. सध्या सेकंडहँड गाड्यांचे व्यवहार भरपूर होतायत आणि त्यात आरसीचं ट्रान्सफर, इन्शुरन्स, लोनची एनओसी सगळं लक्षात ठेवलं जातं, टॅग मात्र कुणाच्याच यादीत नसतो. म्हणून हा लेख मुख्यतः फास्टॅगवर आहे, शेवटी मेट्रो कार्डाबद्दल थोडं, कारण तिथे गोष्ट जरा वेगळी आणि जरा वाईट आहे.

टाकी वेगळी आणि नळ वेगळा

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. आत बॉलकॉक असतो, पाणी ठराविक पातळीच्या खाली गेलं की तो खाली येतो आणि पाणी सुरू होतं. फास्टॅगचा बॅलन्स म्हणजे ती टाकी. तुमचं बँक खातं किंवा कार्ड म्हणजे खालून येणारी पाइपलाइन. आणि ऑटो-रिचार्ज म्हणजे तो बॉलकॉक, तुम्हीच ठरवून दिलेला की बॅलन्स 300 च्या खाली गेला की 500 भर.

आता लक्षात घ्या, टाकीतलं पाणी काढून घेणं आणि पाइपलाइनचा कॉक बंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि बऱ्याचदा ती दोन वेगळ्या ठिकाणी करावी लागतात. लोक यातलं एकच करतात आणि दुसरं आपोआप झालं असेल असं धरून चालतात, तिथेच घोळ होतो. कुणी टॅग बंद करायला सांगतो पण बँकेतली परवानगी तशीच राहते, कुणी परवानगी काढतो पण टॅगमधले सात-आठशे रुपये वर्षभर पडून राहतात.

या परवानगीला बँकेच्या भाषेत ई-मँडेट म्हणतात, म्हणजे "दर वेळी मला न विचारता अमुक एका कंपनीला माझ्या खात्यातून पैसे घेऊ द्या" असं तुम्ही एकदा ओटीपी किंवा पिन टाकून दिलेलं लेखी संमतीपत्र समजा. पुढे मी नुसतं मँडेट म्हणणार आहे.

पण आधी कळवायला नको का बँकेने?

हा पहिला राग असतो आणि तो बरोबरही आहे, कारण ओटीटीचं किंवा विम्याचं मँडेट असेल तर पैसे कापायच्या किमान 24 तास आधी बँकेचा मेसेज येतोच, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण फास्टॅग आणि मेट्रोत चालणारं एनसीएमसी कार्ड यांना 22 ऑगस्ट 2024 च्या परिपत्रकाने यातून सूट दिली. कारणही समजण्यासारखं आहे, ओटीटीचे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जातात, टॅगचा बॅलन्स कधी संपेल ते कुणाला माहीत, तुम्ही टोल नाक्याच्या रांगेत असताना संपला तर 24 तास थांबून कसं चालेल. त्यामुळे इथे आगाऊ सूचना नाही, पैसे गेल्यावरचा मेसेज फक्त.

सोय म्हणून हे ठीकच आहे, रोज हायवेवर असणाऱ्याला त्याचा उपयोगच आहे. पण याचा अर्थ असा की गाडी तुमच्याकडे नसताना जर मँडेट चालू असेल तर पहिला इशारा मिळतो तो पैसे गेल्यावरच. आणि तो मेसेज ज्या नंबरवर येतो तो नंबर तुम्ही वापरत नसाल तर तोही नाही.

एका फेरीत नेमकं काय होतं

आकडे घेऊन बघू म्हणजे स्पष्ट होईल. समजा गाडी विकली तेव्हा टॅगमध्ये 430 रुपये होते. ऑटो-रिचार्ज असं लावलेलं की 300 च्या खाली गेलं की 500 भरायचे. नवा मालक पुण्याहून मुंबईला एक्सप्रेसवेने गेला, कारचे एका बाजूचे 320 धरू. 430 मधून 320 गेले, उरले 110. हे 300 च्या खाली, म्हणून तुमच्या खात्यातून 500 आले आणि टॅगमध्ये झाले 610. संध्याकाळी तो परत निघाला, पुन्हा 320 गेले, उरले 290. फक्त दहा रुपयांनी खाली, पण खाली म्हणजे खालीच, पुन्हा 500 आले, झाले 790.

म्हणजे टोल गेला 640 चा, पण तुमच्या बँक खात्यातून गेले 1,000, आणि टॅगमधला बॅलन्स 430 वरून वाढून 790 झाला. लोक म्हणतात ना "टोल तर एवढा नाही मग एवढे पैसे कुठे गेले", ते हे असं. ते सगळे चोरीला गेलेले नसतात, त्यातला एक भाग तुमच्याच टॅगमध्ये बसलेला असतो आणि तो परत मिळतो. 640 मात्र बँक देणार नाही, तिच्या दृष्टीने टॅग खरा होता आणि गाडी खरोखर नाक्यावरून गेली होती, ते तुम्हाला गाडी घेणाऱ्याकडूनच मागावे लागतील. व्हॉट्सअॅपवर टोलच्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवले की बहुतेक लोक देऊन टाकतात, बिचाऱ्याला बऱ्याचदा माहीतही नसतं की कुणाच्या पैशांवर फिरतोय.

आधी नळ: मँडेट शोधायचं कुठे

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मँडेट बंद, मग टॅग बंद. उलटं केलंत तर टॅग बंद व्हायला जे दिवस लागतात तेवढ्या काळात वरच्या हिशोबासारखं पुन्हा पुन्हा भरलं जाऊ शकतं.

खरी अडचण असते ती हे मँडेट बसलंय कुठे हे आठवण्याची. शोधायची जागा ठरवायला बँक स्टेटमेंट उघडा आणि पैसे गेल्याची ओळ नीट वाचा. त्यात यूपीआय लिहिलेलं असेल तर मँडेट यूपीआयवर आहे. कार्डच्या स्टेटमेंटमध्ये दिसत असेल तर ते डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर आहे. एनएसीएच किंवा एसीएच असं दिसलं तर ते थेट खात्यावर आहे. आणि टॅग ज्या बँकेचा त्याच बँकेत तुमचं खातं असेल तर चौथी शक्यता असते, बँकेच्या आतल्या आतच लावलेली सूचना, ती टॅगच्या पोर्टलमध्ये ऑटो-रिचार्ज नावाच्या बटणामागे असते.

यूपीआयवर असेल तर सगळ्यात सोपं. ज्या अॅपमधून परवानगी दिली होती त्याच अॅपमध्ये आधी शोधा, प्रोफाइलमध्ये किंवा पेमेंट सेटिंगमध्ये `Autopay` किंवा `Mandates` असं काहीतरी असतं. तिथे यादी दिसेल. फास्टॅगच्या नोंदीवर टॅप केलं की दोन गोष्टी बघून लोक घाबरतात. एक म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या जागी `As presented` लिहिलेलं असतं, म्हणजे महिन्याला नाही, आठवड्याला नाही, जेव्हा मागतील तेव्हा. आणि दुसरं म्हणजे रक्कम, आपण 500 ठरवलेले असताना तिथे काही हजार दिसतात. ती कमाल मर्यादा असते, दर वेळी तेवढे जातात असं नाही, पण एका वेळी तितके जाऊ शकतात हेही खरंच. ज्यांना ऑटो-रिचार्ज ठेवायचंच आहे त्यांनी निदान ही मर्यादा कमी ठेवावी असं माझं मत, कारसाठी हजार-दोन हजाराच्या वर काय काम आहे तिचं.

त्याच पानावर `Pause` आणि `Revoke` अशी दोन बटणं असतात. गाडी विकली असेल तर `Revoke` किंवा `Cancel`. `Pause` नुसता थोडा वेळ थांबवतं, पुढे पुन्हा सुरू होऊ शकतं. रद्द करताना यूपीआय पिन मागेल, आणि इथे लोक थबकतात की पैसे थांबवायला पिन कशाला, फसवणूक तर नाही ना. नाही, मँडेट देताना जशी ओळख पटवावी लागते तशी काढतानाही लागते. फक्त एक तपासा, की तुम्ही स्वतः तुमच्या अॅपमध्ये जाऊन हे करताय, कुणी फोनवर सांगून नाही आणि कुणी पाठवलेल्या लिंकवर नाही.

कार्डावर असेल तर यूपीआय अॅपमध्ये काहीच दिसणार नाही, आणि टॅगच्या अॅपमध्येही कदाचित नाही. ते कार्ड ज्या बँकेचं आहे तिच्या नेटबँकिंगमध्ये कार्ड विभागात ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन अशा नावाखाली असतं, तिथे ओटीपी टाकून रद्द करायचं. नेटबँकिंग वापरत नसाल तर कस्टमर केअरला फोन करून "माझ्या कार्डावरच्या सगळ्या ई-मँडेटची यादी सांगा" असं विचारायचं, अर्धा वेळ त्यात असं काही निघतं जे आपण विसरूनच गेलो होतो. या सोयीसाठी ग्राहकाकडून बँक पैसे घेऊ शकत नाही आणि कधीही ऑनलाइन रद्द करता येईल अशी व्यवस्था ठेवणं तिच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा "शाखेत येऊन अर्ज द्या" म्हणालं कुणी तर तसं नाहीये हे ठामपणे सांगा.

थेट खात्यावरचं एनएसीएच मँडेटही नेटबँकिंगमध्येच सापडतं, नाही दिसलं तर शाखेत विचारायचं.

बंद झालं हे कशावरून कळणार

रद्द केल्यावर एसएमएस येतो आणि यादीत त्या नोंदीसमोर रद्द झाल्याचं दिसतं. दोन्हीचा स्क्रीनशॉट ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा. एक लक्षात असू द्या की रद्द करायच्या आधीच जी मागणी बँकेकडे निघून गेली असेल ती एक रक्कम नंतर कापली जाऊ शकते, ते नियमाला धरून आहे. पण त्यानंतरही पैसे जायला लागले तर तो तुमच्या संमतीशिवाय झालेला व्यवहार आहे. तो तीन वर्किंग डेजच्या आत आपल्या बँकेला कळवा, लेखी किंवा अॅपमधून, कारण अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती हे तुम्ही किती लवकर कळवलं यावर बऱ्याच अंशी ठरतं. तक्रार नंबर घ्यायला विसरू नका.

"अॅप डिलीट केलं, स्टिकर फाडला, अजून काय करायचं?"

अॅप डिलीट केल्याने काहीही होत नाही. मँडेट अॅपमध्ये नसतं, बँकेत नोंदलेलं असतं, अॅप ही फक्त ते बघायची खिडकी आहे. उलट अॅप काढून टाकलं की रद्द करायचा सगळ्यात सोपा रस्ताच आपण बंद करतो.

स्टिकर फाडण्याचा थोडा उपयोग आहे, तो उपटताना आतली अँटेना तुटते आणि नाक्यावरचं मशीन तो वाचू शकत नाही. गाडी देताना हे करावंच, माझ्या मते तर समोरच्यासमोर करावं. पण टॅगचं खातं त्याने बंद होत नाही. बँकेच्या आणि फास्टॅगची देशभरची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयच्या नोंदीत तो नंबर तुमच्या नावावर चालूच असतो. नाक्यावर काही वेळा मशीनने वाचलं नाही तर गाडीचा नंबर हाताने टाकून टोल कापला जातो, गाडी घरी उभी असताना टोल गेल्याच्या ज्या तक्रारी आपण वाचतो त्यातल्या बऱ्याच अशा हाताने टाकलेल्या नंबरांच्याच. तेव्हा स्टिकर नाही म्हणजे पैसे जाणारच नाहीत असं धरू नका.

अजून एक उपाय लोक करतात, खात्यात पैसेच ठेवत नाहीत म्हणजे रिचार्ज फेल होईल. होईल खरं, पण काही बँका मँडेट परत गेल्याचा दंड लावतात, आणि पगार जमा झाला की पुन्हा सुरू. हे करू नका.

आता टाकी: टॅग बंद करून पैसे काढणं

टॅग बंद करायचा तो ज्या बँकेने दिला तिच्याकडेच. नाक्यावर नाही, आणि ज्या अॅपमधून आपण रिचार्ज करत होतो तिथेही नाही (ते अॅप नुसतं मध्यस्थ असू शकतं). कोणत्या बँकेचा हेच आठवत नसेल तर स्टिकरवर नाव असतं, आणि स्टिकर गेला असेल तर एनपीसीआयच्या साइटवर फास्टॅगचा स्टेटस बघायची सोय आहे, गाडीचा नंबर टाकला की टॅग कोणत्या बँकेचा आणि तो चालू आहे का ते दिसतं. हे पान लक्षात ठेवा, पुढे टॅग खरंच बंद झाला का हे तपासायला पुन्हा लागेल. नाहीच जमलं तर 1033 हा महामार्ग प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर आहे.

बँकेच्या फास्टॅग पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिस रिक्वेस्टमध्ये टॅग क्लोजर शोधायचं, कारण म्हणून गाडी विकली हे निवडायचं. काही बँका विक्रीचा कागद किंवा आरसीची कॉपी मागतात. रिक्वेस्ट टाकायच्या आधी त्याच पोर्टलवरून स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा, कारण टॅग बंद झाल्यावर लॉगिनच चालत नाही असं होतं आणि मग बॅलन्स किती होता यावर वाद घालायला हातात काही राहत नाही.

परत काय मिळतं? दोन वेगळे आकडे. एक तर टॅगमधला उरलेला बॅलन्स. आणि दुसरा सिक्युरिटी डिपॉझिट, जो टॅग घेताना कापलेला असतो आणि बॅलन्समध्ये दिसतच नाही, त्यामुळे लोक तो विसरतात. कारसाठी बऱ्याच बँकांनी 200 रुपये घेतलेले असतात, टॅगच्या पहिल्या पावतीवर बघा. टॅगची स्वतःची किंमत जी घेतली ती गेली, ती परत नाही. वरच्या उदाहरणात मग येणं होतं 790 अधिक 200, म्हणजे 990 रुपये. बँकेने फक्त 790 पाठवले तर गप्प बसू नका, डिपॉझिटचं विचारा.

पैसे त्याच दिवशी येत नाहीत आणि यामागे कारण आहे. टोलचा व्यवहार नाक्यावर होतो, तिथून नाक्याच्या बँकेकडे, मग एनपीसीआयकडे, मग तुमच्या बँकेकडे येतो, आणि नेटवर्क नसलं तर तो उशिरा येतो. आज पैसे देऊन टाकले आणि उद्या मागचा एखादा टोल आला तर बँक कुणाकडून घेणार. म्हणून काही वर्किंग डेज थांबतात, डिपॉझिटही मुळात याच कारणासाठी असतं. त्या मधल्या दिवसांत बॅलन्स थोडा कमी झालेला दिसला तर आधी टोलची तारीख बघा, मेसेजची नाही. टोल गाडी विकायच्या आधीचा असेल तर तो तुमचाच आहे.

जुना मोबाईल नंबर, खरी डोकेदुखी

सगळं सोपं वाटतं ते ओटीपी येईपर्यंत. टॅग पाच वर्षांपूर्वी शोरूमवाल्याने लावला, नंबर तेव्हाचा, आता तो बंद. किंवा त्याहून मजा म्हणजे शोरूमच्या माणसाने स्वतःचाच नंबर टाकलेला. अशा वेळी पोर्टलवर झगडत बसू नका, तिथून मार्ग निघत नाही. बँकेच्या फास्टॅग कस्टमर केअरला गाडीचा नंबर देऊन आधी नोंदलेला मोबाईल बदलून घ्यायचा, त्यासाठी आरसी आणि ओळखपत्र लागतं, आणि तो बदलला की मग क्लोजर. एकाच रिक्वेस्टमध्ये दोन्ही मागितलं की ती नेमकी रिजेक्ट होते.

मँडेट मात्र तोवर थांबायची गरज नाही, ते तुमच्या बँकेत आहे आणि तुमचा चालू नंबर तिथे आहे, ते पहिल्या दिवशीच रद्द करून टाका. क्रम तोच ठेवा असं मी म्हणतोय ते यासाठीही.

नव्या गाडीच्या टॅगवर बॅलन्स टाकून देत नाहीत का?

नाही. दुसऱ्या बँकेच्या टॅगवर बॅलन्स हलवायची सोय फास्टॅगमध्ये नाहीच. 2024 च्या सुरुवातीला पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले आणि 15 मार्च 2024 नंतर तिच्या टॅगवर नवीन रिचार्ज बंद झालं तेव्हा लाखो लोकांना हाच प्रश्न पडला होता, आणि रिझर्व्ह बँकेने उत्तर हेच दिलं होतं: आहे तो बॅलन्स वापरून संपवा, किंवा टॅग बंद करून रिफंड मागा, ट्रान्सफर होत नाही.

टॅग गाडीबरोबर देऊन टाकला तर? तेही नको. टॅग एका गाडीसाठी आणि एका माणसाच्या केवायसीवर असतो, आणि एका गाडीवर एकच टॅग चालतो. तुमचा बंद झाल्याशिवाय नव्या मालकाला त्याच्या नावाचा नीट मिळायला अडचण येते. म्हणजे तुम्ही टॅग बंद करणं हे त्याच्याही फायद्याचं आहे, गाडी देतानाच त्याला तसं सांगा आणि तारीख सांगा, नाहीतर तो नाक्यावर बंद टॅग घेऊन उभा राहील आणि जास्तीचा टोल भरेल, मग फोन तुम्हालाच.

15 ऑगस्ट 2025 पासून 3,000 रुपयांत सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक टोल पास ज्यांनी घेतलाय त्यांच्यासाठी एक वाईट बातमी. पासात उरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत मिळत नाहीत आणि पास दुसऱ्या गाडीवर जातही नाही. टॅगमधला साधा बॅलन्स मात्र वेगळा, तो परत मिळतो. गाडी विकायचा विचार असेल तर पास घ्यायचा की नाही याचा विचार आधीच करावा.

मेट्रोच्या कार्डाचं काय

इथे नळ बंद करायची पद्धत तीच, मँडेट शोधा आणि रद्द करा. टाकी मात्र वेगळी वागते. मुंबईचं मुंबई 1 किंवा पुण्याचं एक पुणे कार्ड ही एनसीएमसी कार्डं, म्हणजे बँकेची प्रीपेड कार्डं जी मेट्रोच्या गेटवर चालतात. यातलं जे कार्ड केवायसी न करता काउंटरवर लगेच मिळतं त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: जास्तीत जास्त 3,000 रुपये ठेवता येतात, मुदत संपत नाही, पण त्यातून रोख काढता येत नाही, दुसरीकडे पाठवता येत नाही आणि रिफंडही मिळत नाही. ज्याची ओळखच बँकेने तपासलेली नाही त्याला पैसे परत पाठवायचे कुणाला, असा त्यामागचा विचार. पण ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर गाव सोडून जाणाऱ्याचे दोन हजार कार्डात अडकले की अडकले.

म्हणून अशा कार्डावर ऑटो-रिचार्ज लावूच नये असं मला वाटतं, आणि लावलं असेल तर शहर सोडायच्या महिना-दीड महिना आधी बंद करून उरलेले प्रवासात संपवावेत. पूर्ण केवायसी केलेलं कार्ड किंवा वॉलेट असेल तर ते बंद करून शिल्लक आपल्या खात्यात घेता येते. छोट्या केवायसीचं मोबाईल वॉलेटही बंद करता येतं, तिथे पैसे जिथून भरले होते त्याच खात्यात किंवा कार्डावर परत जातात, आणि ते खातं बंद झालं असेल तर केवायसी पूर्ण करून दुसऱ्या आपल्याच खात्यात मागता येतात.

मेट्रो कार्डात अजून एक गंमत आहे. त्यात दोन कप्पे असतात, एक बँकेच्या सर्व्हरवर आणि एक कार्डाच्या चिपमध्ये. गेट फक्त चिप वाचतं. ऑनलाइन भरलेले पैसे सर्व्हरवर येतात आणि स्टेशनच्या मशीनवर किंवा काउंटरला कार्ड टेकवून अपडेट केल्यावरच चिपमध्ये उतरतात. त्यामुळे खात्यातून पैसे गेले पण कार्डात दिसत नाहीत असं वाटलं तर ते बहुतेक सर्व्हरच्या कप्प्यात असतात, आधी अपडेट करून बघा, मग तक्रार करा. आणि चिपमधला कप्पा हा खिशातल्या रोख पैशासारखाच, कार्ड हरवलं तर त्यातले पैसे परत मिळतील ही आशा फार धरू नका.

सगळं करूनही पैसे येत नसतील तर

टॅग बंद झाल्याचं एनपीसीआयच्या पानावर दिसतंय, बँक म्हणते प्रोसेसमध्ये आहे, आणि दोन-तीन आठवडे झाले. आता फोन करणं थांबवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. त्यात एवढंच हवं: गाडीचा नंबर, टॅग नंबर, क्लोजर रिक्वेस्टचा नंबर आणि तारीख, त्या दिवशीचा बॅलन्स, डिपॉझिटची रक्कम, आणि पैसे कोणत्या खात्यात हवेत. सोबत आधी ठेवलेलं स्टेटमेंट. रागाचे परिच्छेद लिहू नका, ते कुणी वाचत नाही, आकडा वाचतात.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर ती तिथेच परत पाठवतात. 990 रुपयांसाठी लोकपालाकडे जाणं अतिच वाटतं बऱ्याच जणांना, पण अर्ज घरबसल्या भरता येतो, आणि तो भरायला लागणारे सगळे कागद तुमच्याकडे वरच्या ईमेलमध्ये आधीच तयार आहेत.